साहेबांनी फीत कापली होती

नेमणूकपत्रात "कंपनीच्या पूर्वलेखी परवानगीशिवाय इतर कोणतीही नोकरी, धंदा किंवा व्यवसाय प्रत्यक्ष अथवा अप्रत्यक्षपणे करणार नाही" असे एक वाक्य असते. कामाचे तास संपल्यावर, स्वतःच्या घरी, स्वतःच्या हाताने केलेले काम ते वाक्य थांबवू शकते का? दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हा प्रश्न माझ्यापुढे आला. तो पुस्तकातून आला नाही. माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या माणसाची नोकरी त्यावर अवलंबून होती, आणि त्याच्या बाजूने बोलण्याचे काम माझ्याकडे आले होते.

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात आम्ही दोघे तपासणी विभागात होतो. नोकरीपूर्वी मी काही वर्षे रात्रशाळेत शिकवले होते, म्हणून तो मला गुरुजी म्हणे. तो बदलापूरचा. त्याचे वडील कापडगिरणीत होते, आणि वस्तीतल्या विहाराच्या कामात हे घर नेहमी पुढे असे. त्याने शिकाऊ उमेदवारी टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारे आणि मोजायची साधने बनवणाऱ्या विभागात, केली होती आणि पुढे तो तपासणीकडे आला. बाहेरच्या छोट्या कारखान्यांकडून जे सुटे भाग येत, ते मापात आहेत की नाहीत हे ठरवणे हे त्याचे काम. आमच्या पंपांना लागणारे बुश, म्हणजे मध्ये भोक असलेल्या पितळी नळ्या, उल्हासनगर कॅम्प एकमधल्या एका शेठच्या लेथवर तयार होत.

बुशचे भोक तपासण्याचे साधन फार साधे असते. कठीण पोलादाचा एक दांडा, त्याची दोन टोके. एक टोक भोकात सहज गेले पाहिजे, दुसरे जाता कामा नये. एक गेले आणि दुसरे अडले, तर माल घ्यायचा. दोन्ही गेली किंवा दोन्ही अडली, तर परत पाठवायचा. याला गेज म्हणतात. ते बनवायला मात्र हात लागतो, कारण दोन टोकांतला फरक केसाच्या जाडीपेक्षा कमी असतो. माझ्या मित्राला तो हात होता.

शेठकडे असे गेज नव्हते. झिजलेल्या व्हर्नियर मोजपट्टीवर मोजून तो माल पाठवी आणि त्यातला बराचसा परत जाई. पुढे पंप जोडणारी माणसे बुशची वाट पाहत बसत. हे वारंवार घडू लागल्यावर आमचे मोठे साहेब, म्हणजे कारखान्याचे व्यवस्थापक, एकदा आमच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. मित्राला ते म्हणाले, "तुझ्याकडे आहे तसंच गेज त्याच्याकडे असलं, तर माल परत जाणारच नाही. टूलरूमला आत्ता वेळ नाही. तू संध्याकाळी बनवून दे त्याला. पैसे तो देईल."

मी जवळच उभा होतो. हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकले, आणि पुढे त्याचा काही उपयोग झाला नाही.

पालेगावात मित्राच्या सासऱ्यांच्या घरालगत एक रिकामी खोली होती. तिथे त्याने वापरलेले एक लहान ग्राइंडिंग मशीन आणून बसवले. पहिले गेज शेठला आवडले. शेठने ते शेजारच्या लेथवाल्यांना दाखवले आणि आणखी दोघातिघांनी गेज मागितली. वर्षभरात त्या खोलीचे वर्कशॉप झाले. दारावर पाटी लावायची वेळ आली तेव्हा धंदा बायकोच्या नावावर दाखवावा असे कारखान्यातल्या प्रत्येकाने सुचवले. आमच्याकडे ती रीतच होती. कोणाची रिक्षा, कोणाची पिठाची गिरणी, कोणाची दुधाची लाइन. सारे बायकांच्या नावावर. नेमणूकपत्रातल्या "अप्रत्यक्षपणे" या शब्दाकडे कोणी कधी पाहिले नव्हते. त्यानेही पाटीवर वहिनींचे नाव घातले.

पाटी लावायच्या दिवशी त्याने मोठ्या साहेबांना बोलावले. आमच्या भागात कोणीही काही सुरू केले, अगदी झेरॉक्सचे दुकान असले तरी, ज्याच्या हाताखाली आपण काम करतो त्याच्या हातून फीत कापून घेतात. यात लाचारी नसते. आपण काही लपवत नाही हे सांगण्याचा तो मार्ग असतो. साहेब आले. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून त्रिशरण झाले, साहेब हात जोडून उभे राहिले, मग त्यांनी फीत कापली. शेठ मिठाईचा खोका घेऊन आला होता. कोणीतरी फोटो काढला. साहेबांनी मशीनवर हात ठेवून म्हटले, "बरं झालं. आता माझे बुश वेळेवर येतील." सगळे हसले. वहिनींनी तो फोटो चौकट करून खोलीत लावला.

पुढची दोन-तीन वर्षे बुश वेळेवर येत राहिले आणि परत जाणारा माल फार कमी झाला. मग कंपनीचे मालक बदलले. मोठे साहेब गुजरातेत दुसऱ्या नोकरीवर गेले. नव्या व्यवस्थापनाने खरेदीची चौकशी सुरू केली, आणि त्यांच्या नजरेला पहिल्यांदा पडले ते हेच, की एका पुरवठादाराचा माल पूर्वी इतका परत जात होता आणि आता जवळजवळ जात नाही. माल सुधारला असेल असे त्यांना वाटले नाही. तपासणारा माणूस माल सोडून देत असेल असे वाटले.

मित्राला आरोपपत्र मिळाले आणि त्याच दिवशी निलंबन. आरोप दोन होते. एक, लेखी परवानगीशिवाय धंदा केला, तोही पत्नीच्या नावाआड. दोन, ज्याचा माल तो कंपनीसाठी तपासतो, त्याच पुरवठादाराकडून तो काम घेतो, आणि त्यामुळे कंपनीच्या हिताला बाधा येते. निलंबनाच्या काळात अर्धा पगार निर्वाह भत्ता म्हणून मिळणार होता, पण दर महिन्याला त्याला लिहून द्यायचे होते की या काळात मी दुसरीकडे कोणतेही काम करत नाही. त्याने वर्कशॉपला कुलूप लावले. खोटे लिहून देणे त्याला जमले नसते.

आमच्या संघटनेचे सचिव, मूळचे साताऱ्याकडचे आणि अंबरनाथमध्येच केस पिकलेले, यांना यात अवघड असे काहीच दिसले नाही. ते म्हणाले, "आठ तास कंपनीचे. उरलेले सोळा कुणाच्या बापाचे नाहीत. करार कायद्यातच लिहिलंय, धंद्याला बंदी घालणारा करार रद्द."

हे वाक्य पूर्ण खोटे नव्हते, म्हणूनच ते घातक ठरले. मी मित्राला घेऊन कल्याणला कामगारांचे खटले चालवणाऱ्या एका वकिलांकडे गेलो. त्यांनी नेमणूकपत्र वाचले, चष्मा कपाळावर सरकवला आणि मला नीट समजावून सांगितले. त्यांनी सांगितले ते मी त्याच क्रमाने देतो, कारण पुढे अनेकांनी मला हाच प्रश्न विचारला.

करार कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमात खरोखरच असे आहे की कायदेशीर व्यवसाय, धंदा किंवा व्यापार करण्यापासून कोणाला रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्द समजावा. सचिव इथे थांबले होते. परंतु न्यायालयांनी दोन काळ वेगळे मानले आहेत. नोकरी सुटल्यानंतरही तुम्ही अमुक धंदा करू नका, ही अट टिकत नाही. नोकरी चालू असताना फक्त आमचेच काम करा, ही अट मात्र साधारणपणे टिकते. ती फारच एकतर्फी किंवा अन्यायाची नसेल तर तिला धंद्यावरची बंदी म्हणत नाहीत. कामाचे तास संपल्याने नोकरी संपत नाही. संध्याकाळीही माणूस त्या कंपनीचा नोकर असतोच.

"म्हणजे संध्याकाळी काम करणं हा गुन्हा आहे?" मित्राने विचारले.

"गुन्हा नाही. पोलीस येणार नाहीत. कराराचा भंग आहे, आणि कारखान्यात त्याला गैरवर्तन म्हणतात. तुमचा हात कोणी धरत नाही. नोकरी जाते, एवढंच."

"एवढंच," मित्र म्हणाला.

वकिलांनी आशेची एकच जागा दाखवली. नेमणूकपत्र कितीही कडक असले, तरी कामगाराच्या बाबतीत कारखान्याचे मंजूर झालेले स्थायी आदेश, म्हणजे शिस्तीचे नियम, त्याहून वरचढ ठरतात. त्या नियमांत दुसऱ्या कामाबद्दल नेमके काय लिहिले आहे ते वाचून या, असे ते म्हणाले. हे नियम कारखान्याच्या प्रवेशाजवळ, कामगारांना कळेल अशा भाषेत लावलेले असले पाहिजेत. आमच्याकडेही ते लावलेले होते, सायकल स्टँडमागच्या भिंतीवर, काचेच्या पेटीत. इतकी वर्षे त्या काचेत आम्ही फक्त केस विंचरले होते. निलंबित माणसाला फाटकातून आत येता येत नव्हते; म्हणून मी आतून वाचून दाखवत होतो आणि तो बाहेर उभा राहून ऐकत होता. नियम असा होता की कंपनीच्या हिताला बाधक ठरेल असे दुसरे काम कामगाराने करू नये. नेमणूकपत्रात "कोणतेही" काम होते. इथे "हिताला बाधक" काम होते. फरक मोठा होता. रिक्षा, गिरणी, दूध, या साऱ्यांना त्या फरकात जागा होती.

फाटकाबाहेरून तो म्हणाला, "गुरुजी, मग माझं कसलं बाधक? त्यांचाच माल सुधारला ना."

मला तेव्हाच दिसत होते की रिक्षावाल्याला जी जागा होती ती याला नव्हती. तो ज्याचा माल तपासत होता त्याच्याकडून पैसे घेत होता. ते पैसे पूर्णपणे प्रामाणिक कामाचे होते. पण हितसंबंध पाहताना प्रामाणिकपणा मोजत नाहीत. दोन बाजूंना एकच माणूस उभा आहे का, एवढेच पाहतात. मी त्याला हे सांगितले. त्याने ऐकले आणि म्हटले, "पण साहेबांनीच सांगितलं होतं."

कारखान्यातली खातेनिहाय चौकशी प्रशिक्षणाच्या खोलीत झाली. बाहेरून आणलेले एक वकील चौकशी अधिकारी म्हणून बसले. नियमाप्रमाणे आरोपीला सहकाऱ्याची मदत घेता येते. तो सहकारी मी. आम्ही गुजरातेतल्या साहेबांना साक्षीला येण्याची विनंती केली. त्यांनी फोनवर गोड बोलून विचारपूस केली, वहिनींची चौकशी केली, आणि सांगितले की जुन्या कंपनीच्या भांडणात पडणे त्यांना आता शोभणार नाही. त्यांना जबरदस्तीने आणण्याचा अधिकार त्या चौकशीला नव्हता.

एक मुद्दा आम्ही जिंकलो. कंपनीच्या पर्सोनेल ऑफिसरांनी कारखाने कायद्यातले कलम पुढे केले, की एका दिवशी दोन कारखान्यांत काम करता येत नाही. मी उत्तर दिले की तशी मनाई खरी, पण ती दोन्ही ठिकाणे कायद्याच्या अर्थाने कारखाने असतील तर. पालेगावच्या खोलीत एक मशीन आणि एक माणूस होता. तिला कायदा कारखाना म्हणत नाही. चौकशी अधिकाऱ्यांनी मान डोलावून ते नोंदवून घेतले. मित्राने टेबलाखालून माझा गुडघा दाबला. संपूर्ण प्रकरणात त्याला आनंद झालेला मी तेवढ्याच वेळी पाहिला.

दुसऱ्या आरोपाला कंपनीकडे ठोस पुरावा नव्हता. शेठने काही लिहून दिले नव्हते. खरेदी विभागात लोक असे म्हणतात, एवढेच होते. त्या ठिकाणी आम्ही गप्प बसलो असतो तर काय झाले असते, हे मला सांगता येत नाही. पण पहिल्या आरोपाला, म्हणजे परवानगीला, उत्तर द्यायचे होते, आणि त्यासाठी आमच्याकडे एकच वस्तू होती. मित्र भिंतीवरची चौकट उतरवून, टॉवेलात गुंडाळून घेऊन आला. आदल्या संध्याकाळी आम्ही त्यावर बोललो होतो. साहेबांच्या शेजारी मिठाई घेऊन शेठ उभा आहे याकडे मी बोट दाखवले होते. तो म्हणाला होता, "लपवायचं असतं तर दोघांना एका फोटोत उभं केलं असतं का? हेच तर दाखवायचंय."

त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. परवानगी मागण्याची त्याची रीत ही होती, आणि ती त्याने सर्वांसमोर पाळली होती.

चौकशी अधिकाऱ्यांनी फोटो बराच वेळ पाहिला. मग त्यांनी अगदी सौम्यपणे विचारले की फीत कापणारे हे तेव्हाचे व्यवस्थापक का. मित्र हो म्हणाला. परवानगीचे पत्र त्यांनी दिले होते का? नाही, पण ते स्वतः आले होते. आणि हे मिठाईवाले गृहस्थ कोण?

मित्राने शेठचे नाव सांगितले. तेही अभिमानाने, कारण त्याच्या दृष्टीने तो त्याचा पहिला ग्राहक होता.

पर्सोनेल ऑफिसर काही लिहीत होते, ते थांबले. त्या खोलीत त्यानंतर विशेष काही घडले नाही. फीत कापणे म्हणजे लेखी परवानगी नव्हे, आणि व्यवस्थापकाला कंपनीच्या वतीने अशी सूट देण्याचा अधिकार होता हेही सिद्ध झाले नाही, असे अहवालात आले. मी ऐकलेले वाक्य माझ्या साक्षीत होते, पण बचाव करणाऱ्याची स्वतःचीच साक्ष असल्याने त्याला वजन दिले नाही. पुरवठादाराशी संबंध मात्र, अहवालाच्या भाषेत, "कर्मचाऱ्याने स्वतःच दाखल केलेल्या छायाचित्रावरून" सिद्ध झाला.

शिक्षेपूर्वी त्याला आणखी एक नोटीस मिळाली: बडतर्फ का करू नये? आम्ही लिहिले, की इतकी वर्षे एकही डाग नाही, माल खराब गेल्याची एकही तक्रार नाही, आणि तो वर्कशॉप कायमचे बंद करायला तयार आहे. उत्तरादाखल बडतर्फीचे पत्र आले.

आम्ही पुन्हा कल्याणला गेलो. वकिलांनी तक्रार ठाण्याच्या कामगार न्यायालयात दाखल केली. त्याच वेळी त्यांनी आम्हाला सावध केले. गैरवर्तन किरकोळ असून शिक्षा धक्कादायक असेल तर न्यायालय हात घालते. पण तपासनीस आणि पुरवठादार यांच्यातला व्यवहार कोणी किरकोळ मानेल असे त्यांना वाटत नव्हते. चौकशी रीतसर झाली होती, मीच ती रीतसर होऊ दिली होती, त्यामुळे तीही बाजू बंद होती. निघताना ते मित्राला म्हणाले, "एक गोष्ट मात्र चांगली. नोकरी गेली, आता त्या अटीत दम नाही. उद्यापासून वर्कशॉप उघडा. कोणी अडवू शकत नाही."

दुसऱ्या दिवशी त्याने कुलूप काढले. मशीन पुसले, तेल घातले. मग आम्ही दोघे कॅम्प एकला शेठकडे गेलो. शेठने आम्हाला आत बसवले, चहा मागवला. लेथ चालू होते. एका कामगाराच्या हातात मित्राने बनवलेले गेज होते. तो बुश घेई, एक टोक घाली, दुसरे टेकवून पाही, आणि बाजूला ठेवी. मित्र तिकडेच पाहत होता.

शेठने त्याच्याकडे न बघता सांगितले, "साईं, गलत मत समझना. वहाँ से फोन आला होता. तुमच्याकडून गेज घेतलं तर माल नको म्हणाले. माझा आधा काम उधरचाच आहे ना."

"लिहून दिलंय त्यांनी तसं?" मी विचारले. सवयीने विचारले.

शेठ हसला. "मास्टरजी, असं कोणी लिहितं का?"

बाकीच्या लेथवाल्यांकडेही आम्ही गेलो. सगळ्यांचा माल कुठे ना कुठे आमच्या कारखान्याला किंवा त्याच्या सोबतच्या कारखान्यांना जात होता. कोणी वाईट बोलले नाही. प्रत्येकाने चहा दिला.

ठाण्यातल्या तारखा चालू राहिल्या. कधी कंपनीचे वकील आजारी, कधी न्यायाधीशांची बदली. त्याने जांभूळ गावाकडे एका छोट्या कारखान्यात तपासणीचे काम मागितले. मुलाखतीत मागची नोकरी का सुटली हे विचारले गेले आणि त्याने खरे सांगितले. पुढे तो बदलापुरात एका बिल्डरच्या साइटवर सामान उतरवून घेणारा म्हणून लागला. तिथल्या नेमणूकपत्रातही तेच वाक्य होते. त्याने मला ते दाखवले, बोटाने "अप्रत्यक्षपणे" या शब्दावर टकटक केली, आणि सही केली. मशीन कोणी घेतले नाही. पालेगावच्या त्या खोलीत, वर पोते टाकलेले, ते मी शेवटचे पाहिले. त्या गल्लीत इमारती उभ्या राहत होत्या आणि सासऱ्यांचे घरही पाडायला काढले होते.

काही वर्षांनी निकाल लागला. चौकशी योग्य, निष्कर्ष पुराव्यावर आधारलेले, शिक्षा अवाजवी नाही. वर दाद मागता येईल, असे वकील म्हणाले. मित्राने नको म्हटले. न्यायालयाने परत दिलेली चौकट बरेच दिवस माझ्याकडे होती. मी ती त्याला नेऊन दिली तेव्हा वहिनींनी घेतली आणि कपाटाच्या मागे, भिंतीकडे तोंड करून ठेवली.

तेव्हा माझ्या प्रश्नाचे उत्तर असे: नोकरी चालू असेपर्यंत ती अट बहुधा थांबवते. कारखान्याच्या नियमांत "हिताला बाधक" असे असेल, तर जे काम बाधक नाही त्याला थोडी वाट राहते. नोकरी गेल्यावर अट संपते, पण तोपर्यंत थांबवण्यासारखे काही उरलेले नसते. हे मला त्या काळी, एका कारखान्यात, एका माणसाच्या बाबतीत समजले तेवढेच आहे. नियम ठिकाणापरत्वे वेगळे असतात, कायदेही बदलतात. वाचकांना विनंती आहे की माझ्या शब्दावर विसंबू नये. आपले नेमणूकपत्र आणि आपल्या कामाच्या ठिकाणचे स्थायी आदेश स्वतः काढून वाचावेत, जाणकाराला दाखवावेत, आणि मी लिहिलेले बरोबर आहे का ते स्वतः तपासून पाहावे.